मेसेज पाठवायची घाई करू नका, उगाच जुळून जाईल

तर भेट झाली. तासभर बसायचं ठरलेलं, अडीच तास झाले तरी कोणी उठायचं नाव घेईना, मध्ये दोनदा 'चल निघूया आता' म्हणून झालं आणि दोन्ही वेळा परत बसलात, निघताना समोरचं माणूस स्वतःहून म्हणालं की मजा आली आज. आता तुम्ही घरी आलाय, हातात फोन आहे आणि डोक्यात भलताच विचार येतोय की जे वाटतंय ते सरळ दोन ओळीत लिहून टाकावं. थांबा. सगळं एवढं चांगलं चाललेलं असताना हा असला साधेपणा केलात तर प्रकरण जुळायचीच शक्यता जास्त, आणि मग पुढची सगळी गंमत, म्हणजे रात्री दीड वाजता लास्ट सीन बघणं, 'ऑनलाइन आहे पण मला नाही' म्हणून उशीत तोंड खुपसणं, मित्रांची झोप उडवणं, हे सगळं हातचं गेलं म्हणून समजा.

मी या लाइनमधला जुना माणूस आहे. पहिल्या भेटी ढीगभर, दुसऱ्या दोन. त्यातली एक चुकून झाली. तेव्हा ऐका.

पहिली गोष्ट, तीन दिवस गप्प बसायचं. लगेच मेसेज केला की माणूस रिकामटेकडा वाटतो. आता अडीच तासात तुम्ही स्वतःच तिला सांगितलंय की फोन उशाशी घेऊन झोपता, सकाळी डोळे उघडायच्या आधी स्क्रीन उघडते, पण ते सोडा, तीन दिवस तुम्ही एखाद्या गुहेत होतात असंच दाखवायचं. तिकडे काय होतं बघा. पहिल्या रात्री ती फोन जरा जवळ ठेवते. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हणते कामात असेल. रात्री मैत्रिणीला सांगते की मला वाटलं होतं त्यालाही आवडलं, पण बहुतेक नाही. तिसऱ्या दिवशी तिनं मनातल्या मनात फाइल बंद केलेली असते, कपाटात ठेवलेली असते, आणि बरोबर त्याच वेळी तुम्ही 'हाय' म्हणून दिमाखात एंट्री मारायची. याला टायमिंग म्हणतात.

2018 साली काही मानसशास्त्रज्ञांनी अनोळखी लोकांना एकमेकांशी बोलायला लावून नंतर दोघांनाही वेगवेगळं विचारलं की तुला समोरचा किती आवडला आणि त्याला तू किती आवडलास असं तुला वाटतं. बहुतेकांचा अंदाज कमी निघाला, म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा आपण समोरच्याला जास्त आवडलेले असतो. 'लायकिंग गॅप' असं नावही दिलं त्याला. असलं काही वाचत जाऊ नका. कारण मग लक्षात येतं की तुम्ही इकडे 'तिला आवडलो नसेन' म्हणून गप्प बसलाय आणि ती तिकडे अगदी त्याच कारणासाठी गप्प बसलीय, आणि आपल्या तीन दिवसांच्या मौनव्रतातली सगळी हवाच निघून जाते.

आता एक वाईट उदाहरण देतो म्हणजे काय करायचं नाही ते कळेल. माझा एक मित्र. बुधवारी संध्याकाळी भेटून आला. बोलता बोलता ती म्हणालेली की आता या वयात पोहायला शिकतेय, उथळ पाण्यात सगळं जमतं पण शुक्रवारी खोल बाजूला पहिली उडी मारायचीय आणि पोटात आत्तापासून गोळा आलाय. या बाबानं घरी येऊन साडेदहाला लिहिलं:

'पोचलो घरी. खूप मस्त वाटलं आज, वेळ कसा गेला कळलंच नाही. शुक्रवारच्या उडीचं काय झालं ते नक्की सांग. मला परत भेटायला आवडेल, रविवारी संध्याकाळी मोकळी आहेस का? नसलीस तर दुसरा कुठला दिवसही चालेल.'

पाठवला आणि फोन चार्जिंगला लावून झोपला. झोपला हो! मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगतोय. मी म्हटलं अरे पाठवायच्या आधी ग्रुपवर टाकायचास की, आम्ही सहा जणांनी मिळून त्यातला तू काढून टाकला असता.

चुका मोजूया. एक तर त्यानं उडीची आठवण काढली. याचा अर्थ तो अडीच तास खरंच ऐकत होता, हे उघड झालं. 'तुझ्याशी बोलून छान वाटलं' एवढंच लिहिलं असतं तर तो मेसेज कुणालाही पाठवता येतो, मी स्वतः एकाच आठवड्यात तिघींना जसाच्या तसा पाठवलाय, नाव बदलायचं एकदा राहिलं ते जाऊ दे. पण उडीवाली ओळ फक्त तिच्यासाठीच लिहिलेली आहे हे तिला लगेच कळणार, आणि वर उत्तर द्यायला तिच्या हातात आयता विषयही मिळणार. म्हणजे तिचं काम सोपं केलं. कशाला?

दुसरं, 'मला परत भेटायला आवडेल' असं सरळ लिहिलं. सगळे पत्ते टेबलावर. आपण काय करतो, 'कधीतरी परत भेटू' लिहितो. हे 'कधीतरी' फार गुणी आहे, त्याला तारीख नसते त्यामुळे त्याला होही म्हणता येत नाही आणि नाहीही, समोरची व्यक्ती 'हो ना नक्की' म्हणते आणि दोघंही आयुष्यभर तिथेच उभे. या माणसानं मात्र रविवार म्हटलं, संध्याकाळ म्हटलं, आता तिला फक्त कॅलेंडर बघायचंय.

आणि तिसरं, शेवटची ओळ. 'दुसरा कुठला दिवसही चालेल.' बास, तिथेच संपवलं. मोकळीक दिली आणि त्या मोकळिकीचं बिलही फाडलं नाही. इथे माझ्यासारखा अनुभवी माणूस काय लिहितो ते बघा: 'नाही म्हणालीस तरी मला वाईट वाटणार नाही गं, मला सवय आहे.' दिसायला दोन्ही सारखंच, दोन्हीत नाही म्हणायची परवानगी आहे, पण माझ्या वाक्यात ती नाही म्हणाली तर एका जखमी प्राण्याला लाथ मारल्याचं पाप तिच्या डोक्यावर बसतं. मग ती नाही म्हणत नाही. होही म्हणत नाही. हळूहळू गायब होते. पण 'नाही' ऐकावं लागलं नाही की नाही?

काही लोकांना तीन दिवस दम निघत नाही, त्यांच्यासाठी उलट्या टोकाची सोय आहे. रात्री एकला लिहायला बसायचं, स्क्रोल करावा लागेल एवढं लिहायचं, त्यात 'असं कनेक्शन आजपर्यंत कुणाशीच वाटलं नाही' पाहिजेच, आधीच्या ब्रेकअपचा एक परिच्छेद पाहिजे, आणि शेवटी 'काही घाई नाही, आरामात रिप्लाय दे' टाकून वीस मिनिटांनी नुसतं प्रश्नचिन्ह पाठवायचं. वाचून ती दचकेल, कारण तिला अजून तुमचं आडनाव नीट लक्षात नाही आणि तुम्ही तिला आयुष्यातली पोकळी भरायचं काम दिलंय. तिनं उत्तर काय द्यायचं? तुमच्या भावनेएवढीच भावना परत करायची नाहीतर दगड ठरायचं, मधला रस्ताच ठेवला नाही तुम्ही. सकाळी लाज वाटली तर मेसेज डिलीट करा, तिथे डिलीट केल्याची खूण राहते, म्हणजे तिला निदान कळेल की काहीतरी भयंकर होतं.

बरं, मेसेज गेला, पुढे काय? माझा मित्र काहीच करत नव्हता. गुरुवारी सकाळी उत्तर नाही, हा कामाला गेला. मी सांगत होतो की स्टेटस टाक, जरा उदास गाणं टाक, तिनं बघितलं का ते दर दहा मिनिटांनी बघ, तिचा पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो लाइक कर म्हणजे तुझी आठवण येईल. हा म्हणाला, विचारून झालंय, आता तिची पाळी. मी म्हटलं आणि आलंच नाही उत्तर तर? म्हणाला दोनतीन दिवसांनी एकदा उडीबद्दल विचारेन, त्यालाही नाही आलं तर तेच उत्तर समजायचं. एकदा! अहो, माझा रेकॉर्ड अकरा मेसेजचा आहे, एकाखाली एक, सगळे माझ्याच बाजूचे, ती चॅट उघडली की डोळ्यासमोर भिंतच उभी राहते.

गुरुवारी दुपारी तिचं आलं: 'रविवारी घरी पाहुणे आहेत, मंगळवारी जमेल का? आणि उडीचं नाव नको काढूस, घाबरलेय.' मी मित्राला लगेच समजावलं की ही टाळतेय, रविवार नाही म्हणाली ना. तो म्हणाला नाही रे, टाळायचं असतं तर 'या आठवड्यात फार बिझी आहे' एवढ्यावर थांबली असती, हिनं स्वतः दुसरा दिवस दिलाय. आणि नुसतं बिझी म्हणाली असती तर? तर म्हणे 'ओके, मोकळी झालीस की कळव' लिहून गप्प बसलो असतो, दुसरा आणि तिसरा दिवस पुढे करत बसलो नसतो. मी कपाळाला हात लावला. शब्दाशब्दातून अर्थ काढायचे चार तास आमचे आणि यानं एका वाक्यात निकाल लावला. वर तिला उत्तर किती मिनिटांनी द्यायचं याचाही हिशेब नाही. मी सांगितलं की तिनं चौदा तास घेतले, तू अठ्ठावीस घे. त्यानं तिथेच, माझ्यासमोर, 'मंगळवार डन. मीही घाबरलो असतो' असं लिहून पाठवून दिलं आणि मला विचारतो जेवलास का.

ती शुक्रवारी उडी मारून आली, तीनदा मारली म्हणे, आणि पहिला मेसेज यालाच. मंगळवारी भेटले. त्यानंतरचं मला फारसं माहीत नाही कारण हल्ली तो ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकत नाही, सांगण्यासारखं काही नसतंच, सगळं आपलं ठरलेलं आणि कळलेलं.

माझं विचाराल तर मी नियम मोडलेला नाही. त्याच आठवड्यात माझीही एक भेट झाली होती, चांगली झाली होती, खरं म्हणजे फारच चांगली झाली होती. मी चौथ्या दिवशी लिहिलं, 'काय चाललंय?' तिनं पाचव्या दिवशी लिहिलं, 'काही नाही, तुझं?' मी तिच्या दुप्पट वेळ घेऊन लिहिलं, 'काही नाही.' आठ महिने झाले, संवाद अजून चालू आहे, आता पाळी तिची आहे.