बोट पिळू नका, आधी नळाखाली धरा

"डेंटल स्टुडंट्ससाठी महत्त्वाचं! सुई टोचली तर लगेच बोट पिळून घाण रक्त काढा, स्पिरिटमध्ये बुडवा. हिपॅटायटिस बी चे डोस लहानपणी झाले असतील तर टेन्शन नाही. पेशंट ठणठणीत असेल तर कोणाला सांगत बसू नका. फारच वाटलं तर आठवड्याभराने ब्लड टेस्ट करा."

पुण्यातल्या आमच्या पोरांच्या ग्रुपवर हे परत फिरतंय. मी क्लिनिकमध्ये पोस्टिंगवरच्या मुलांना शिकवते, म्हणून लिहितेय.

पहिलं म्हणजे पिळल्याने व्हायरस बाहेर पडतो असं कुठे सिद्ध झालेलं नाही, उलट तिथला टिश्यू आणखी दुखावतो. स्पिरिट, ब्लीच असलं काही ओतलं की जखम चरचरते आणि आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं, बाकी फायदा नाही. हातातलं काम थांबवायचं, ग्लोव्ह काढायचा, वाहत्या नळाखाली साबणाने बोट नीट धुवायचं, बस. आणि बोट तोंडात घालायचं नाही, ही सवय भल्याभल्यांना असते! स्केलिंग करताना डोळ्यात उडालं तर भरपूर साध्या पाण्याने डोळा धुवायचा, साबण नाही.

आता डोसचं. सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बी देशभर सगळीकडे २०११ च्या सुमारास पोचली, त्यामुळे आज क्लिनिकला असलेल्या बऱ्याच जणांना ती मिळाली का हे त्यांच्या आईच्या कपाटातल्या कार्डवरच कळणार. कार्ड सापडलं तरी प्रश्न उरतोच, कारण डोस घेणं वेगळं आणि शरीराने अँटीबॉडी बनवणं वेगळं. मोठेपणी कोर्स घेतला, म्हणजे ०, १ आणि ६ महिने, तर शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर करायचा, तो १० किंवा वर आला की विषय संपला, पुढे आकडा खाली घसरला तरी संरक्षण राहतं आणि बूस्टर लागत नाही. १० च्या खाली आला तर परत डोस. लहानपणी घेतलेल्यांचा टायटर आज कमी दिसू शकतो, त्याने घाबरायचं नाही, एक डोस घेऊन महिना-दोन महिन्यांनी परत बघतात. आणि मधला डोस राहिला असेल तर कोर्स पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, राहिलेला घ्यायचा. हे सगळं सुई टोचायच्या आधी, थर्ड इयरला क्लिनिक सुरू व्हायच्या आत उरकलेलं बरं.

पेशंट ठणठणीत आहे हे कुणी ठरवलं? हिपॅटायटिस बी चे कितीतरी कॅरिअर अगदी मजेत फिरत असतात, केस पेपरवर 'नाही' लिहिणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसतं. लस न घेतलेल्याला पॉझिटिव्ह पेशंटची सुई टोचली तर इन्फेक्शनचा धोका साधारण ६ ते ३० टक्के असतो, एचआयव्हीचा ०.३ च्या आसपास. आपण घाबरतो मात्र उलट क्रमाने.

एक उदाहरण घेऊ. एका मुलीने खालच्या दाढेसाठी ब्लॉक दिला, दोन हातांनी कॅप लावताना डाव्या तर्जनीत सुई गेली. तिचे दोनच डोस झालेत, दुसरा आठ महिन्यांपूर्वी. तिने हात धुतला, लगेच स्टाफला सांगितलं, रजिस्टरमध्ये वेळेसकट नोंद झाली. पेशंटला विचारून त्याचं एचबीएसएजी, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी साठी रक्त गेलं, तिचंही गेलं. तिचं त्याच दिवशी घ्यायचं कारण आधीपासून काही नव्हतं हे नोंदवायचं असतं, आठवड्याभराने केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तरी त्या सुईने काही झालं नाही असं कुणी सांगू शकत नाही.

पेशंट हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह निघाला, एचआयव्ही निगेटिव्ह. मग तिला दोन इंजेक्शनं, दोन वेगळ्या जागी: हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटीबॉडी, आणि लसीचा राहिलेला डोस दंडात. इम्युनोग्लोब्युलिन शक्यतो २४ तासांत, सात दिवसांनंतर त्याचा उपयोग धरत नाहीत. ते महाग असतं आणि प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, म्हणून कुठे मिळेल ते आधीच शोधून ठेवा. तिचा टायटर १० च्या वर नोंदलेला असता तर हिपॅटायटिस बी साठी यातलं काहीच लागलं नसतं!

एचआयव्हीचा संशय असता तर गोळ्या पहिल्या दोन तासांत सुरू झाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. पुण्यात ससूनला एआरटी सेंटर आहे, पण कॉलेजची व्यवस्था काय आहे ते पोस्टिंगच्या पहिल्याच दिवशी विचारा, रात्री आठ वाजता शोधत बसू नका.

तिची परत टेस्ट सहा महिन्यांनी, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी. टायटरही तेव्हाच, कारण त्याआधी केला तर इंजेक्शनमधून आलेल्या अँटीबॉडीच मोजल्या जातात आणि लस लागू पडली असं उगाच वाटतं. आणि कॅप लावायचीच असेल तर ती ट्रेवर ठेवून एका हाताने सुईने उचलायची, दुसरा हात लांब.