आधी रद्द करा, ते जमलं नाही तरच चार्जबॅक

"सबस्क्रिप्शन बंद करायचंय ना? मग त्या कंपनीच्या नादी कशाला लागतोस? सरळ बँकेला सांग आणि चार्जबॅक टाक." हा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो आणि दर वेळी ऐकताना माझा जीव खालीवर होतो. चार्जबॅक म्हणजे कार्डावरून गेलेले पैसे बँकेमार्फत कंपनीकडून परत मिळवणं. बँकेच्या कार्ड-डिस्प्यूट, म्हणजे कार्डावरच्या व्यवहारांच्या तक्रारींच्या, विभागात मी बरीच वर्षं काम केलं आहे. खरी तक्रार असलेली, मनानं प्रामाणिक माणसं केवळ क्रम चुकल्यामुळे हरताना मी पाहिली आहेत. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

माझं म्हणणं एवढंच आहे: चार्जबॅक हा रद्द करण्याचा मार्ग नाही. तुम्ही रद्द करायला गेलात, कंपनीनं ते होऊ दिलं नाही किंवा ऐकूनही पैसे कापले, तर त्यानंतरचं ते पाऊल आहे. आधीचं पाऊल वगळलंत तर तुमच्या दाव्याला पायाच उरत नाही.

असं का, ते डिस्प्यूटच्या फॉर्मवरूनच कळतं. कार्डवरच्या वादांना कारणाचे कोड असतात. व्हिसामध्ये "रद्द केलेला आवर्ती व्यवहार", म्हणजे रद्द केल्यावरही ठरावीक काळानं आपोआप कापले गेलेले पैसे, यासाठी 13.2 हा कोड आहे. मास्टरकार्डमध्ये असे वाद 4853 या मोठ्या गटात येतात. या प्रकारात बँक तुम्हाला हमखास विचारते ती गोष्ट म्हणजे रद्द केल्याची तारीख, आणि त्यानंतर विचारते की रद्द कसं केलंत: मेलवर, वेबसाइटवर, फोनवर? "सेवा आवडली नव्हती", "किंमत वाढवली", "मी महिनोन्‌महिने वापरलीच नव्हती" हे सगळं खरं असेल, पण त्या रकान्यात लिहिता येत नाही. तिथे तारीख लागते, आणि ती पैसे कापले जाण्याच्या आधीची असावी लागते.

ती तारीखच नसली की लोक दुसरा रस्ता धरतात: "हा व्यवहार मी केलाच नाही" असं सांगतात. ते खोटं आहे, हा मुद्दा तर आहेच. शिवाय ते टिकतही नाही. फसवणुकीच्या दाव्यांना उत्तर देण्यासाठी व्हिसानं 2023 च्या एप्रिलपासून एक नवा नियम लागू केला. वाद दाखल झाल्याच्या तारखेच्या 120 ते 365 दिवस आधीचे, त्याच कार्डावरचे, तक्रार न झालेले दोन व्यवहार कंपनीनं दाखवले, आणि आयपी पत्ता किंवा डिव्हाइस यांसारखे ठरलेले तपशील त्यांच्याशी जुळले, तर फसवणुकीचा दावा कोसळतो. दर महिन्याला पैसे जाणारं सबस्क्रिप्शन म्हणजे असे जुने व्यवहार ओळीनं तयारच असतात! वर बँक तुमचं कार्ड ब्लॉक करून नवं पाठवते ते वेगळंच, कारण तुम्हीच फसवणूक झाल्याचं सांगितलेलं असतं.

आणि नवं कार्ड आलं म्हणून सबस्क्रिप्शन थांबेल याचीही खात्री नाही. व्हिसा आणि मास्टरकार्ड या दोघांकडे कार्डाचे बदललेले तपशील व्यापाऱ्यापर्यंत पोचवणारी सेवा आहे. तुमची बँक आणि ती कंपनी त्यात सहभागी असतील तर पुढच्या महिन्याचे पैसे नव्या कार्डावरून गुपचूप कापले जातात. चार्जबॅकनंही एका व्यवहाराचे पैसे परत येतात, कंपनीशी झालेला करार त्यानं संपत नाही. कंपनीच्या नोंदीत तुम्ही अजूनही ग्राहकच असता, आणि वर थकबाकीदार.

आता माझ्या मावसभावाचं उदाहरण सांगतो, कारण त्यात वेळेचं सगळं गणित दिसतं. फोटो एडिटिंगच्या एका सॉफ्टवेअरचं त्याचं मासिक सबस्क्रिप्शन होतं, दर महिन्याच्या 12 तारखेला रिन्यू होणारं. 3 मार्चला तो ते रद्द करायला बसला. "प्लॅन रद्द करा" दाबलं, मग "का सोडताय?" असा प्रश्न आला, मग सवलतीची ऑफर, मग आणखी एक "नक्की?" आणि त्यानंतर नुसतंच गोल फिरणारं चक्र. दुसऱ्या ब्राउझरमध्येही तेच. त्यानं मला फोन केला तेव्हा स्वर वैतागलेला होता: "दादा, मी सरळ बँकेतच तक्रार टाकतो."

मी म्हटलं, थांब. पैसे अजून कापलेच गेलेले नाहीत, मग तक्रार कशाची करणार? आधी त्या अडकलेल्या पानाचा पूर्ण स्क्रीनशॉट घे, ज्यात वरचा पत्ता, खात्याचा ईमेल आणि कोपऱ्यातली तारीख-वेळ दिसेल. मग नोंदवलेल्या ईमेलवरूनच त्यांना मेल लिही.

मेल चार ओळींचाच होता: "माझ्या या खात्याचं सबस्क्रिप्शन आजपासून रद्द करावं. तुमच्या वेबसाइटवर प्रयत्न केला, पान पुढे गेलं नाही, स्क्रीनशॉट सोबत आहे. यापुढे माझ्या कार्डावरून पैसे घेण्याची परवानगी मी काढून घेत आहे. पोच द्यावी." यातलं तिसरं वाक्य सगळ्यांत मोलाचं आहे. "सेवेत अडचण येते आहे" असं लिहिलं तर ती तांत्रिक तक्रार ठरते आणि कंपनी तिला तशीच वागवते. परवानगी काढून घेतली असं लिहिलं की तो रद्द करण्याचा स्पष्ट निरोप ठरतो. काही मिनिटांत तिकीट क्रमांकासह आपोआप पाठवलेलं उत्तर आलं. निरोप पोचला याचा तोच पुरावा.

त्यानंतर उत्तर नाही, आणि 12 मार्चला पैसे गेले. इथे बहुतेकांची घाई होते. त्या दिवशी ॲपमध्ये दिसतो तो व्यवहार अनेकदा "प्रलंबित" असतो, म्हणजे रक्कम फक्त अडवून ठेवलेली असते. अशा व्यवहारावर डिस्प्यूट टाकता येत नाही, कारण तो अजून पूर्णच झालेला नसतो. मावसभावाचा व्यवहार 14 तारखेला पक्का झाला. मधल्या काळात, 13 तारखेला, त्यानं त्याच मेलच्या साखळीत उत्तर लिहिलं: 3 तारखेला रद्द करूनही पैसे कापलेत, रिफंड द्या. आठवडाभर वाट पाहून 22 मार्चला त्यानं बँकेत तक्रार केली.

ही वाट का पाहायची? बहुतेक ग्राहक-वादांत बँक विचारतेच की कंपनीशी बोलून प्रश्न सोडवायचा प्रयत्न केलात का. दुसऱ्याच दिवशी तक्रार केली की कंपनी सहज म्हणते, "आम्ही रिफंड देणारच होतो, आम्हाला वेळच दिला नाही." आणि रिफंड खरोखर निघालेला असेल तर तो कार्डावर दिसायलाही काही दिवस लागतात. अशा वेळी दोन्हीकडून पैसे आले की गुंता होतो आणि चार्जबॅक उलटतो.

पण वाट बघण्यालाही मर्यादा आहे. 13.2 साठी व्हिसाची मुदत व्यवहाराच्या प्रक्रियेच्या तारखेपासून 120 दिवसांची आहे. मावसभावाच्या बाबतीत ती 12 जुलैला संपली असती. ही मुदत बँकेनं दावा पुढे पाठवण्याची आहे, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात जाऊन काही होत नाही. शिवाय बँकेची स्वतःची मुदत त्याहून कमी असू शकते. "आमची टीम बघते आहे, आणखी पंधरा दिवस द्या" अशी उत्तरं देत काही कंपन्या महिने काढतात. माझ्या मते, लेखी रिफंड मागितल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ठोस तारीख मिळाली नाही, तर बँकेकडे जावं.

प्रत्येक व्यवहाराचं घड्याळ वेगळं चालतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. रद्द केल्यानंतर सहा महिने पैसे जात राहिले आणि तुम्हाला ते आज दिसलं, तर अलीकडच्या महिन्यांचे परत मिळू शकतात, जुने मुदतीबाहेर गेलेले असतात. आणि रद्द करण्याच्या आधीचे महिने या दाव्यात येतच नाहीत, सेवा वापरली नसली तरीही.

उलट बाजूनं बघा. मावसभावानं 12 मार्चला पैसे गेल्यावर, 13 ला पहिल्यांदा रद्द केलं असतं तर? मग मार्चचा दावा जवळपास बुडालाच असता, एप्रिलपासूनचे फक्त वाचले असते. म्हणून रिन्यूअलच्या आदल्या रात्री रद्द करायला बसू नका. काही सेवांच्या अटींत चोवीस तास आधीची सूचना लागते, काहींत त्याहूनही जास्त. कंपनीचं घड्याळ वेगळ्या टाइमझोनचं असेल तर तुमची 11 तारीख तिथे 12 झालेली असू शकते. निदान आठवडाभर हातात ठेवा.

कंपनीला उत्तर द्यायला साधारण महिना-दीड महिना मिळतो, आणि त्या उत्तरात हमखास असतो तो वापराचा लॉग: कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या डिव्हाइसवरून लॉगिन झालं. रद्द केल्यानंतरही ग्राहक सेवा वापरत होता हे दाखवता आलं की कंपनीची बाजू एकदम जड होते. मावसभावाचं ते सॉफ्टवेअर संगणक चालू केला की आपोआप सुरू होत असे. म्हणून 3 तारखेलाच मी त्याला सांगितलं होतं: आपल्या फायली उतरवून घे, सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट कर, सॉफ्टवेअर काढून टाक. "खरंच रद्द झालं का बघू" म्हणून रोज लॉगिन करणारी माणसं नकळत कंपनीचाच पुरावा तयार करतात. तपासायचंच असेल तर एकदाच, बिलिंगच्या पानापुरतं, आणि त्याचाही स्क्रीनशॉट ठेवा.

त्याच्या लॉगमध्ये 3 मार्चनंतर काहीच नव्हतं. कंपनीनं आपल्या अटी-शर्तींचं पान पाठवलं, पण 3 तारखेच्या मेलबद्दल त्यात एक शब्दही नव्हता. दावा मंजूर झाला.

दोन प्रसंग यात बसत नाहीत. ज्या कंपनीचं नावही तुम्ही कधी ऐकलं नाही, जिथे कधी कार्ड दिलंच नाही, तिथून पैसे गेले तर ती खरी फसवणूक. तिथे रद्द करत बसू नका, तत्काळ बँकेला कळवून कार्ड बंद करा. मात्र आधी स्टेटमेंटवरचं नाव नीट शोधा, कारण कंपनीचं बिलिंगचं नाव ॲपच्या नावापेक्षा अनेकदा वेगळं असतं. आणि कंपनीच गायब झाली असेल, मेल परत येत असेल, फोन बंद असेल, तर तो परत आलेला मेलच तुमचा अयशस्वी प्रयत्न. तो जपून ठेवा आणि सरळ पुढे जा.

डिस्प्यूट टाकताना आणखी एक मागणी करा: या व्यापाऱ्याकडून येणारे पुढचे आवर्ती व्यवहार थांबवा. बऱ्याच बँकांना हे करता येतं, पण मागितल्याशिवाय ते होत नाही. बँक सुरुवातीला खात्यात जमा करते ती रक्कम अनेकदा तात्पुरती असते. निकाल विरुद्ध गेला तर ती परत काढली जाते, म्हणून निकाल लेखी येईपर्यंत ती खर्चू नका. मध्येच कंपनीनं रिफंड दिला तर त्याच दिवशी बँकेला कळवा.