दीडशे शब्दांत आजी

मसाल्याच्या जाहिरातीतल्या आजीला कधी कवळी नसते, तिचे गुडघे दुखत नाहीत आणि तिच्या स्वयंपाकघरात मिक्सर नसतो. चंदेरी केस, नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू आणि पातेल्यात काहीतरी चिमूटभर टाकून नातवाकडे बघत हसणं, एवढंच तिचं काम. जाहिराती लिहून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींना उन्हाळा आला, मिरच्या वाळू लागल्या, की ही आजी पुन्हा एकदा दीडशे शब्दांत बसवावी लागते. मागणी ठरलेली असते. छोटीशी गोष्ट हवी, आजीची पाककृती हवी, वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे, आणि शेवटी 'घ्या' म्हणायचं, पण 'घ्या' म्हटल्यासारखं वाटता कामा नये.

डोळ्यांत पाणी आणणं त्यातल्या त्यात सोपं. मिरचीच्या डंकाशेजारी पाच मिनिटं उभं राहिलं की तेही आपोआप येतं. खरी पंचाईत होते पाककृतीशी. मसाला विकणारे साहेब पहिल्याच बैठकीत सांगतात, "आमच्या मसाल्यात आजीची माया आहे." तेव्हा मी मुकाट्याने पाकीट उलटं करतो. पाकिटामागे घटकांची यादी असते आणि ती वजनाच्या उतरत्या क्रमाने छापायची असा नियम आहे. त्या यादीत माया कुठेच नसते. मीठ मात्र असतं, आणि कधी कधी खोबऱ्याच्याही वर. गोष्टीत आजी पाटीभर खोबरं किसत बसली आहे आणि यादीत खोबरं मिठाच्या खाली, तर ती गोष्ट पाकीट उलटं करणारी कोणतीही मराठी गृहिणी दोन सेकंदांत मोडीत काढेल. म्हणून माझा शिरस्ता असा की आधी पाठ वाचायची, मग आजी लिहायची.

गोडा मसाला घेऊ, कारण आजीचा जास्तीत जास्त छळ त्याच्याच जाहिरातीत होतो. घरगुती बेताचं एक प्रमाण असं: धणे पाव किलो, सुकं खोबरं शंभर ग्रॅम, तीळ पन्नास, जिरे पंचवीस, शहाजिरे दहा, दगडफूल दहा, दालचिनी दहा, लवंग आणि नागकेशर पाच-पाच, शिवाय तमालपत्र, मिरे, हिंग वगैरे मंडळी. घरोघरी हे बदलतं. तुमच्या घरी खसखस जात असेल, तर ती जाऊ दे. यावरून वाद घालायला बसलं तर जाहिरात पुढच्या उन्हाळ्यात निघेल. पण धणे सगळ्यात जास्त, मग खोबरं, मग तीळ, हा क्रम बहुतेक घरी सारखाच असतो. पाकिटावरची यादीही तशीच सुरू होत असेल, तर त्या साहेबांबद्दल मला उगाचच आदर वाटू लागतो.

आता करायचं कसं? प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. लवंग, दालचिनी, नागकेशर ही खडी मंडळी जरासं तेल सोडून मंद आचेवर. धणेही थोड्या तेलावर, वास सुटेपर्यंत आणि रंग किंचित बदलेपर्यंत. कच्चे राहिले तर मसाल्याला गवताचा वास येतो, जास्त झाले तर आमटी कडवट होते आणि कितीही गूळ घातला तरी ती वळत नाही. तीळ कोरडे भाजायचे. तडतडायला लागले की लगेच उतरवायचे. खोबरं शेवटी. ते खरपूस तपकिरी व्हायला हवं, कारण गोड्या मसाल्याचा तो गडद रंग बराचसा त्याचाच. पण तपकिरी आणि काळं यांच्यात फारसं अंतर नाही. कढई गॅसवरून उतरवली तरी तापलेल्या लोखंडात खोबरं भाजत राहतं, म्हणून ते ताबडतोब परातीत पसरायचं. सगळं पूर्ण गार झाल्यावरच दळायचं. गरम दळलं तर वाफ आत कोंडते, गुठळ्या होतात आणि बरणीला बुरशी धरते. खोबरं आणि तीळ एकटेच मिक्सरमध्ये घातले तर त्यांना तेल सुटून गोळा होतो. भाजलेल्या धण्यांबरोबर थोडं थोडं फिरवलं तर सुटं राहतं.

हे सगळं तीस सेकंदांच्या फिल्ममध्ये घालायचं म्हटलं तर सांगायला साठ-पासष्ट शब्द मिळतात. तेवढ्यात तीळही तडतडून होत नाहीत. छापील जाहिरातीत दीडशे शब्द मिळतात, ही त्यातल्या त्यात चैन. तरी यादी द्यायची नाही. यादी पाकिटामागे आहेच. गोष्टीत एकच जिन्नस आणायचा, आणि तोही असा की जो करणाऱ्यालाच ठाऊक असतो. "वेलचीचा घमघमाट" कोणीही लिहितो. मी दगडफूल घेतो.

दगडफूल ही वस्तूच विनोदी आहे. ते ना दगड, ना फूल. झाडांच्या सालीवर आणि खडकांवर वाढणारं ते शैवाक. दिसायला जुन्या भिंतीचा सुटलेला पापुद्रा. कोरडं हुंगलं तर मातकट वास येतो आणि नवखा माणूस दुकानदाराला परत करायला जातो. पण कोमट तेलात पडलं की त्याच पापुद्र्याला असा वास सुटतो की शेजारच्या काकू "मसाला चाललाय वाटतं" म्हणत दारात येतात. ते इतकं हलकं असतं की दहा ग्रॅममध्ये बरीच मोठी वाटी भरते, आणि त्यात सालीचे तुकडे, काड्या, बारीक खडे सुखाने नांदत असतात. ते हाताने निवडावं लागतं. न निवडता दळलं तर आमटीचा पहिला घास करकरतो, आणि त्या करकरीला कुठलीही जाहिरात झाकू शकत नाही. तेलात मात्र ते क्षणभरच परतायचं. जळकं दगडफूल अख्ख्या मसाल्यात धुराचा वास सोडतं.

हे सगळं साहेबांना समजावून सांगितलं की ते मान डोलावतात आणि म्हणतात, "छान! पण आजी कुठे आहे?"

आजी आणू, पण आधी तिची कागदपत्रं बघू. अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांसाठी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे २०१८चे नियम आहेत. कारखान्यात केलेल्या मालाला 'घरगुती', 'घरी बनवलेला' असं म्हणून ग्राहकाचा गैरसमज करून देता येत नाही. 'पारंपरिक' म्हणायचं तर ती कृती खरोखर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आणि फारशी न बदललेली असावी लागते. म्हणजे गेल्या वर्षी एमआयडीसीत सुरू झालेल्या कारखान्याला एकदम शंभर वर्षांची आजी दत्तक घेता येत नाही. मालकाची खरीखुरी आजी असेल आणि कृती तिची असेल, तर तसं लिहावं. नसेल तर गोष्टीतली आजी गोष्टीतलीच दिसू द्यावी. 'आमच्या संस्थापकांची आजी' हे तीन शब्द फुकटचे वाटतात, पण पुरावा मागितला गेला की महाग पडतात.

दुसरा मोह म्हणजे आजीला मारण्याचा. अर्ध्या जाहिरातींत ती तिसऱ्या वाक्यात फोटोत जाते, फोटोला हार, समोर आमटी. हे साहेबांना फार आवडतं. मला विचाराल तर त्यात रडू येतं, पण भूक जाते, आणि मसाला भूक लागल्याशिवाय विकत नाही. आजी जिवंत असावी, फोनवर असावी आणि जरा तिरकस असावी. आणि पाकिटाने तिच्यावर मात करता कामा नये. "अगदी आजीसारखा" असं लिहिलं की वाचणारी बाई मनात म्हणते, "चल!" पाकिटाने तिचं एखादं कटकटीचं काम उचलावं, तेवढंच: निवडणं, चाळणं, परतणं. तेवढा दावा खरा असतो आणि तो कोणी खोडत नाही. अर्थात कारखान्यात दगडफूल खरंच निवडतात का, हे लिहिण्याआधी विचारून घ्यावं. उत्तर द्यायला साहेब फार वेळ घेऊ लागले, तर जिन्नस बदलावा.

राहिला तो 'घ्या'. 'आजच खरेदी करा', 'मर्यादित साठा', 'एकावर एक फुकट' हे आजीच्या गोष्टीखाली आलं की वाचणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच असतं. मऊ शेवट करायचा तर तीन गोष्टी पुरतात: कोणी घेऊ नये ते आधी सांगायचं, लहानातलं लहान पाकीट पुढे करायचं, आणि घेतल्यावर पातेल्यात किती घालायचं ते चमच्याच्या हिशेबात सांगायचं. कोणी घेऊ नये हे वाक्य साहेब हमखास खोडतात. ते परत लिहायचं. पुन्हा खोडलं तर पुन्हा लिहायचं. माझ्या मते सगळ्या जाहिरातीत विकण्याचं काम तेच एक वाक्य करतं.

तर एवढं सगळं केल्यावर हाती येतं ते असं:

"आजीच्या गोड्या मसाल्यात धणे, खोबरं, तीळ याला हात लावायची सगळ्यांना मुभा होती. दगडफूल मात्र ती स्वतः निवडायची, परात मांडीवर घेऊन, चष्मा नाकावर उतरवून. 'एक खडा राहिला तर वर्षभर आमटी बोलते,' म्हणायची.

नात नोकरीसाठी बंगळूरला गेली. एका रविवारी तिने फोन लावला.

'आजी, दगडफूल किती घालू?'

'मूठभर.'

'कुणाची मूठ?'

आजीने जरा विचार केला. 'माझी.'

'मग ती कुरिअर कर!'

मूठ कुरिअर होत नाही. म्हणून आम्ही ती तोलून ठेवली आहे. पाव किलो धण्यांना दहा ग्रॅम दगडफूल, हाताने निवडलेलं, चाळलेलं, तेलावर क्षणभर परतलेलं. आमच्या गोड्या मसाल्यात ते एवढं असतं, आणि त्यात खडा नसतो.

तुमच्या डब्यात घरचा मसाला असेल, तर आधी तो संपवा. संपला असेल आणि आजी लांब असेल, तर आमचं ५० ग्रॅमचं छोटं पाकीट घेऊन बघा. चार माणसांच्या आमटीला एक चमचा पुरतो. चिंच आणि गूळ किती, ते मात्र आजीला फोन करून विचारा."