640 रुपयांचं भांडं आणि नामवंत थकबाकीदार होण्याचे सोपे मार्ग

तुमच्याकडे पैसे आहेत का? असतील तर हा लेख तुमच्यासाठी नाही, सरळ पैसे द्या आणि वस्तू घेऊन घरी जा. पण खिशात पैसे असूनही उधारी करायची आणि वर तिला स्मार्टपणा म्हणायचं असं ज्यांना जमतं, त्या माझ्यासारख्या थोर लोकांसाठी थोडं मार्गदर्शन करतो. अधिकार आहे माझा. मी आता ऑफिशियल थकबाकीदार आहे.

सर्वात आधी, ‘पे लेटर’ला कधीही कर्ज म्हणू नका. ती ‘सुविधा’ असते. दिवाळीच्या आधी मी मिक्सरचं एक भांडं मागवलं, 640 रुपयांचं. पेमेंटच्या पानावर ‘आत्ता घ्या, नंतर द्या’वर आधीच टिक होती आणि यूपीआय शोधायला खाली स्क्रोल करावं लागत होतं. आता एवढं प्रेमाने कोणी देतंय तर नाही कसं म्हणायचं? दोन ओटीपी टाकले, बँक खातं जोडलं, ऑटो-डेबिटला मान्यता दिली, भांडं आलं. बायको म्हणाली, पैसे दिलेस ना? म्हटलं, हो, झालं सगळं.

दुसरा सल्ला: ऑटो-डेबिट लावलं की नोकरी बदला. मी सप्टेंबरमध्ये बदलली होती, पगार नव्या खात्यात यायला लागला आणि सवयीने मी जोडलं जुनं खातं, ज्यात 212 रुपये होते. 5 नोव्हेंबरला पे लेटर कंपनीने 640 मागितले, बँक म्हणाली नाहीत. झालं! इथून खरी मजा सुरू होते, कारण हप्ता एकच चुकतो पण दंड दोघं लावतात. बँक म्हणते तुमचं मँडेट, म्हणजे ती ऑटो-डेबिटची मान्यता, बाउन्स झालं, 500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 590. पे लेटरवाले म्हणतात उशीर झाला, 250. बरं, ते एकदा मागून थांबत नाहीत, डिसेंबरला परत मागतात, परत बाउन्स, परत 590, परत 250. बेरीज करा. 640 च्या भांड्यावर 1,680 रुपये दंड. आणि तुम्ही म्हणाल अरे पण यांचं व्याज तर शून्य होतं! हो ना, शून्यच होतं. एक पैसा व्याज लावलं नाही हो त्यांनी, देवमाणसं.

मेसेज आले नाहीत का? आले की. रोज ज्या नंबरांवरून ‘प्री-अप्रूव्ड लोन फक्त तुमच्यासाठी’ येतं तसल्याच एका नंबरावरून, त्याच भाषेत आले. मी डिलीट केले.

तिसरा सल्ला: मग ॲप अनइन्स्टॉल करा. कर्ज घाबरून पळून जातं.

चौथा: आता होम लोनला अर्ज करा. जानेवारीत मी बँकेत बसलो होतो, फाइल चांगली जाड होती, साहेबांनी क्रेडिट रिपोर्ट उघडला आणि चष्मा वर केला. "तुमचं एक लोन थकलंय." मी म्हटलं माझं लोनच नाही. त्यांनी स्क्रीन फिरवली. कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं नाव, जन्मात ऐकलेलं नाही, कन्झ्युमर लोन, रक्कम 640, पुढे उशिराचे दिवस मोजलेले. तेव्हा कळलं की ॲप हा फक्त दरवाजा असतो, पैसे देणारी आत बसलेली एनबीएफसी, म्हणजे बँक नसलेली कर्ज कंपनी, वेगळीच असते आणि रिपोर्टमध्ये नाव तिचं लागतं. आरबीआयने 2022 च्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांत सांगितलेलंच आहे की असलं प्रत्येक कर्ज, कितीही छोटं आणि कितीही कमी दिवसांचं असो, लोकांच्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट ब्युरोला कळवायचं. त्याच नियमांत असंही आहे की कर्ज देण्याआधी देणाऱ्याचं नाव, दर, दंड हे सगळं एका पानावर ग्राहकाला द्यायचं. दिलंही असणार मला. भांड्याच्या घाईत मी ‘पुढे’ दाबलं असणार. काही कंपन्या तर प्रत्येक खरेदीला वेगळं कर्ज दाखवतात, म्हणजे चार्जर एक कर्ज, चप्पल एक कर्ज. क्रेडिट कार्डावर महिन्यात पन्नास वेळा खरेदी करा, रिपोर्टमध्ये खातं एकच दिसतं.

नोंद चुकीची असती तर भांडता आलं असतं, तक्रार 30 दिवसांत मिटली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. पण माझी नोंद खरी होती ना! पैसे भरले, आठ ईमेल केले, आठही वेळा तेच छापील उत्तर, "आपल्या असुविधेबद्दल खेद आहे", नवव्यांदा काही बाकी नसल्याची एनओसी आली. खातं बंद झालं पण उशिराचे ते दिवस रिपोर्टमध्ये तीन वर्षं दिसणार.

आता कार्डवाले हसत असतील. हसा. तुमच्यासाठी पाचवा सल्ला: बिलावर ‘मिनिमम ड्यू’ लिहिलेलं असतं, तेवढंच भरा, बाकी बँक बघून घेते. समजा 1 जूनला 40,000 चा फ्रीज घेतला, 20 ला बिल आलं, 10 जुलै शेवटची तारीख. मिनिमम ड्यू 5 टक्के म्हणजे 2,000, ते तुम्ही वेळेवर भरले. लेट फी नाही, स्कोअर शाबूत, सगळं छान. पण पूर्ण भरलं नाही म्हणून बिनव्याजी मुदत गेली आणि व्याज 10 जुलैपासून नाही, 1 जूनपासून लागलं. बऱ्याच कार्डांचा दर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के असतो. पावणेचार धरा, म्हणजे वर्षाला 45. उरलेल्या 38,000 वर 20 जुलैच्या बिलापर्यंत 49 दिवसांचं व्याज साधारण 2,300, त्यावर जीएसटी 400 च्या वर. म्हणजे 2,000 भरून देणं 40,000 चं 40,700 झालं! त्यात मागची बाकी पूर्ण फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही मुदत नाही, पेट्रोल भरलं की त्याच दिवसापासून मीटर चालू.

तरी एक सांगतो, कार्डाचं बिल चुकलं तर नियमाप्रमाणे तीन दिवस उलटल्याशिवाय लेट फी लावता येत नाही. आणि माल खराब निघाला तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैसे परत, मागता येतो. पे लेटरमध्ये माल परत गेला तरी दुकानाकडून रिफंड येईपर्यंत हप्त्याची तारीख थांबत नाही.

आमच्या कोपऱ्यावरचा वाणी उधारी द्यायचा तेव्हा वहीत समोर लिहायचा आणि महिना उलटला की भर रस्त्यात ओरडायचा, "ओ, खातं बघायचं राहिलंय!" लाज वाटायची पण कळायचं तरी.

आणि आता बस झाला उपरोध. अरे, 640 रुपये होते ना माझ्याकडे! खात्यात होते, रोख होते, तरी मी कर्ज काढलं, कारण बटणावर कर्ज हा शब्दच नव्हता. लिहा ना ठळक की ‘कर्ज घ्या’, आधीच टिक कशाला करून ठेवता? होम लोनला अडचण आणणारा हप्ता थकला तर एक फोन करता येत नाही, आणि नवीन कर्ज विकायला दिवसातून चार फोन येतात? आणि तुम्हीही, हो, तुम्हालाच म्हणतोय, हे वाचून ‘आपलं तसं नाही’ म्हणू नका. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, तो आज रात्री काढा, त्यात अनोळखी नावं बघा, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कोणकोणती मँडेट चालू आहेत ती बघा आणि बंद केलेल्या प्रत्येक खात्याची एनओसी मागून ठेवा. माझं होम लोन दीड महिना अडकलंय. बिल्डर रोज विचारतो. आणि त्या भांड्याचं झाकण पहिल्याच आठवड्यात तुटलं.