कांदा, गेल्या सालचा भाव आणि कोळ्याचं जाळं: एका प्रतिक्रियेला उत्तर

"सर, लेख वाचला, पटला नाही. शेतकरी मेंढरागत एकामागं एक कांदा लावतो म्हणून भाव पडतो असं तुमचं म्हणणं. अहो भाव सरकार पाडतं निर्यातबंदी करून, नाहीतर व्यापारी पाडतो. माझे वडील 30 वर्षं कांदा करतात, मागचा भाव बघून लागण करू नये एवढं त्यांना कळत नाही का? पुस्तकातलं सोलापुरात आणू नका." (एक वाचक, मोहोळ)

दादा, पहिलं म्हणजे मेंढरं हा शब्द माझा नाही, पण लेख परत वाचल्यावर जाणवलं की सूर तसाच लागलाय, तेव्हा ती चूक माझी. मी बरीच वर्षं मार्केट यार्डात एका आडत दुकानावर शेतकऱ्यांच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहिल्यात, त्यामुळं तुमच्या वडलांसारखी माणसं रोज समोर बसायची. त्यांना कळत नाही असं म्हणायची माझी हिंमत नाही. उलट माझं म्हणणं हेच आहे की सगळ्यांना सगळं कळत असून पण हे चक्र फिरतं, आणि ते का फिरतं ते मागच्या वेळी मी नीट सांगितलंच नाही.

आधी आकडे घालून बघू. हे आकडे माझे, हिशोब सोपा व्हावा म्हणून घेतलेले, यार्डाच्या रजिस्टरातले नाहीत. समजा दिवसाला 100 गाड्या कांदा आला की भाव 1500 रुपये क्विंटल निघतो आणि त्यात सगळ्यांचं बरं चालतं. कांद्याची गंमत अशी की स्वस्त झाला म्हणून कोणी दुप्पट खात नाही आणि महागला म्हणून घरात फोडणी थांबत नाही, म्हणून आवक थोडी हलली तरी भाव लय हलतो. धरू की 10 गाड्या जास्त आल्या तर भाव 300 नं उतरतो, 10 कमी आल्या तर 300 नं चढतो. आता दुसरी बाजू शेतकऱ्याची: मागच्या साली भाव 1500 च्या वर जितका गेला, त्यातल्या दर शंभर रुपयांमागं चार गाड्यांचा कांदा यंदा जादा लावला जातो, आणि खाली गेला तर तसाच कमी होतो.

एका साली परतीच्या पावसानं वाट लावली, 100 च्या जागी 80 गाड्या आल्या. भाव 2100. पुढच्या साली पाऊस चांगला, पण 600 रुपये जादा मिळालेले बघून 24 गाड्या वाढल्या, म्हणजे 124, आणि भाव गडगडून 780. त्याच्या पुढच्या साली लोकांनी कांदा सोडला, गाड्या 71, भाव 2364. मग परत 135 गाड्या आणि भाव साधारण 460. पावसानं घात फक्त पहिल्या साली केला होता बरं का, नंतर ना गारपीट ना बंदी ना कोणाची लबाडी, तरी झोका दर साली मोठाच होत गेला. हेच कागदावर मागणीची एक रेघ आणि पुरवठ्याची एक रेघ काढून गिरवलं की चौकोनी चौकोनी जाळं विणलं जातं, म्हणून 1934 साली काल्डोर नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं त्याला कोळी किड्याच्या जाळ्याचं नाव दिलं. त्याच्याही आधी 1928 ला जर्मनीत हानाऊ नावाच्या अभ्यासकानं डुकरांच्या बाजारात असलंच चक्र दाखवलं होतं, म्हणजे सोलापूरच्या शेतकऱ्याला नावं ठेवायला हे काढलेलं नाही.

आता हेच फिरवून बघा. दर शंभराला चार ऐवजी दोनच गाड्या वाढत असत्या तर? 2100 नंतर 112 गाड्या आणि 1140, मग 93 गाड्या आणि 1716, मग 1370 च्या आसपास, असं हळूहळू भाव परत 1500 ला येऊन बसतो. सगळी गोम इथंच आहे, भावाला बघून लागण किती हलते आणि आवकेला बघून भाव किती हलतो, या दोन्हींचा गुणाकार. पहिल्या हिशोबात शंभर रुपयांनी 4 गाड्या हलायच्या आणि 4 गाड्यांनी 120 रुपये, म्हणजे तो 1.2 होता, एकाच्या वर, म्हणून झोका वाढला. दुसऱ्यात 0.6, म्हणून विरला. खऱ्यात तो वाढून वाढून आभाळाला जात नाही कारण रान आणि पाणी मोजकंच असतं, आणि तळाला भाव काढणीच्या मजुरीच्या पण खाली गेला की माणूस कांदा काढतच नाही, रोटाव्हेटर फिरवतो, आवक आपोआप कमी होते.

मग तुमचा खरा प्रश्न, 30 वर्षांचा अनुभव असताना मागच्या भावामागं का पळायचं. पट्ट्या लिहिताना मला जे दिसलं ते सांगतो. चांगल्या भावाच्या साली माणूस पट्टी घेऊन जाताना त्याच्या खिशात पुढच्या बियाण्याचे, खताचे, ड्रीपचे पैसे असतात, सोसायटीचं कर्ज फिटलेलं असतं आणि नवीन मिळतं. पडलेल्या साली आडत्याकडून आधी उचललेले पैसे पट्टीतनं कापून जातात आणि हातात गाडीभाडं सुद्धा राहत नाही. असा माणूस "भाव पडलाय, लोक कांदा सोडतील, म्हणजे पुढच्या साली आपण लावला पाहिजे" हे बरोबर ओळखतो, बोलून पण दाखवतो, पण एकरी एवढा खर्च घालायला पैसा कुठला आणायचा. तो मग तूर टाकतो नाहीतर उडीद. म्हणजे मागचा भाव डोक्यात राहतो म्हणून नाही, मागचा भाव खिशात राहतो म्हणून लागण त्याच्या मागं जाते. (लेखात मी हे लिहायला पाहिजे होतं, नाही लिहिलं.)

आणि नुसत्या मागच्या एका सालावर न जाता लोकांनी निम्माच विश्वास ठेवला तर काय होतं ते पण बघा, बाजार तोच चार गाड्यांचा घेऊन. 2100 भाव बघून सगळ्यांनी अंदाज 600 ऐवजी 300 नंच वाढवला, तर 112 गाड्या येतात आणि भाव 1140. आता अंदाज आधीच्या 1800 पासून 1140 कडं निम्मा सरकतो, म्हणजे 1470. गाड्या 99, भाव 1536. दोन सालात जवळजवळ जाग्यावर. एवढा फरक पडतो, पण एकट्या तुमच्या वडलांनी तसं केलं तर बाजार हलत नाही, आणि सगळ्यांनी करायला सगळ्यांकडं पडलेल्या साली टिकायची ताकद पाहिजे.

आता निर्यातबंदी. ही बाजू लेखात कमी पडली हे मान्य. 8 डिसेंबर 2023 ला बंदी आली आणि लिलाव कसे कोसळले ते यार्डातल्या सगळ्यांनी बघितलं, ते काय कुठल्या जाळ्यानं नाही केलं. पण डिसेंबर 2019 आठवा. आपल्या यार्डात चांगल्या मालाला 20 हजार रुपये क्विंटलपर्यंत भाव निघाला, आणि निर्यातबंदी त्या सप्टेंबरच्या शेवटापासून चालूच होती की ओ! पावसानं माल सडला होता, भाव त्यानं चढला. आणि फेब्रुवारी 2023 ला बार्शीकडच्या एका शेतकऱ्याला 512 किलो कांद्याचे सगळं कापून जाऊन 2 रुपयांचा चेक मिळाला, तेव्हा निर्यात उघडी होती, शुल्कसुद्धा ऑगस्टमध्ये लागलं. म्हणजे बंदी नसताना पण भाव मातीत जातो. व्यापाऱ्याचं म्हणाल तर लिलावात साटंलोटं होत असेल, त्यानं भाव दर वेळी थोडा खाली राहील, पण व्यापारी दोन्ही वर्षी तोच असतो, मग एका वर्षी 2000 आणि दुसऱ्या वर्षी 500 हे एकट्या त्याच्यानं कसं जुळवायचं.

बंदीचा खरा घात वेगळाच आहे असं मला वाटतं. बाहेरचा बाजार उघडा असला की माल जास्त झाल्यावर थोडा तिकडं जातो, भाव तेवढा पडत नाही, म्हणजे त्या गुणाकारातला भावाचा आकडा लहान होतो. ते दार कधी बंद होईल सांगता येत नाही म्हटल्यावर बाहेरचं गिऱ्हाईक दुसरीकडं जातं, आणि मग दार उघडलं तरी जास्तीचा माल इथंच पडतो. शिवाय बंदी येते ती भाव चढल्यावर, म्हणजे नेमकं ज्या साली शेतकऱ्यानं दोन सालांचा तोटा भरून काढायचा त्या साली.

अजून एक, सोलापूरला हे जास्त का लागतं. नाशिककडं उन्हाळ कांदा जास्त, तो एप्रिल-मेला निघतो आणि कांदा साठवायच्या चाळीत चार-सहा महिने टिकतो. भाव नाही पटला तर माणूस थांबतो, त्यानं झोका मोडतो. आपल्याकडं मुख्य माल लाल, पावसाळी आणि त्याच्या मागनं येणारा रांगडा. त्यात पाणी जास्त, काढला की विकायलाच पाहिजे. जानेवारीतल्या गड्डा जत्रेच्या आगंमागं सगळ्या तालुक्यांचा, धाराशिवचा, कर्नाटकातला माल एकदम येऊन पडतो, सुट्टीनंतर तर यार्डात पाय ठेवायला जागा नसते, आणि मागं ठेवायची सोय कोणाकडंच नाही.

तुमचं "पुस्तकातलं आणू नका" यात थोडं खरं आहे, ते पण सांगतो. हिशोबाप्रमाणं एक साल तेजी, एक साल मंदी असं घड्याळासारखं व्हायला पाहिजे, तसं होत नाही, दोन-दोन साल मंदी राहते, मध्येच पाऊस सगळं उलटं करतो. 1961 ला म्यूथ नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं हाच आक्षेप घेतला होता, की चक्र इतकं सरळ असतं तर लोकांनी ते ओळखून उलटं लावलं असतं आणि चक्र मोडलं असतं. मला त्याचं निम्मं पटतं, कारण ओळखणं आणि लावता येणं यातला खिशाचा फरक त्यात नाही. तरी भाव पडला की जाळ्याचा दोष असं दर वेळी म्हणायचं नसतं, आधी लागण वाढली होती का ते बघायचं. लागण तेवढीच आणि भाव पडला, तर कारण दुसरीकडं शोधा. 2023 च्या त्या दोन रुपयाच्या चेकमागं पण रांगड्याचा माल वाढलेला होता आणि टिकत नाही म्हणून सगळ्यांनी एकदमच आणला, ते काय शुद्ध जाळं नव्हतं.

लागण कळायला सरकारी आकड्याची वाट बघत बसायची गरज नाही. रोप तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात, त्यानंतर माल निघायला साडेतीन-चार महिने. त्यामुळं मे-जूनला बियाण्याच्या दुकानात जी गर्दी असते तीच नोव्हेंबर-डिसेंबरला यार्डात गाड्या होऊन येते. बियाणं मिळेना, रोपाचा वाफा मागच्या सालापेक्षा दुप्पट भावानं जातोय, म्हणजे समजायचं. फक्त फसायची जागा एक आहे, पावसानं रोपं सडली तरी रोप महागतं, आणि त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो, माल कमी येणार. म्हणून दोन्ही विचारायचं: बियाणं खपलं किती आणि रोप जगलं किती.

तुमच्या मोहोळकडं यंदा वाफा कितीला चाललाय आणि रोपं कशी आहेत, वडलांना विचारून खाली लिहा. अक्कलकोट आणि मंगळवेढ्याचं मला कळलंय, तुमच्या बाजूचंच राहिलंय.