आभाराचा क्रम पत्रिकेवरून उतरवू नका

काल आमच्या विभागाचं एक दिवसाचं चर्चासत्र पार पडलं. विषय वऱ्हाडी बोली. समारोपाचं आभारप्रदर्शन एम. ए. दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीनं केलं, अगदी चार मिनिटांत. खुर्च्या सरकवून कोणी दाराकडे निघालं नाही. गेली बरीच वर्षं नागपुरातल्या कॉलेजांमधली चर्चासत्रं बघते आहे, आभार सुरू झाल्यावर सभागृह असं बसून राहिलेलं फार कमी वेळा पाहिलं. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आधी एक जुना प्रसंग सांगते. शहरातल्याच एका कॉलेजात गडचिरोलीहून एक निवृत्त शिक्षक बीजभाषणाला आले होते. पहाटेच्या एसटीनं निघालेला माणूस. तासभर इतकं सुंदर बोलले की मुलं लिहायचं विसरली. शेवटी आभाराला जे प्राध्यापक उभे राहिले, त्यांनी आधी संस्थेचे अध्यक्ष घेतले, मग उपाध्यक्ष, सचिव, सहसचिव, कोषाध्यक्ष, प्राचार्य. सातव्या नंबरावर "आणि आजचे वक्तेसुद्धा" असं म्हणून पाहुण्यांचं नाव आलं. ते मांडीवर शाल आणि नारळ घेऊन बसले होते. नाव आल्यावर त्यांनी हात जोडले आणि शाल घडी करून पिशवीत ठेवली. मला तेव्हा फार वाईट वाटलं, आजही वाटतं.

यात त्या प्राध्यापकांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांनी निमंत्रणपत्रिका समोर ठेवून यादी उतरवली होती. पण पत्रिकेवरचा क्रम हा संस्थेचा पदक्रम असतो. तो छपाईला ठीक आहे. आभारात बोलणारा यजमानाच्या बाजूनं उभा असतो. घरी लग्न असलं की आपण दारात उभे राहून आधी व्याह्यांना निरोप देतो, स्वतःच्या काकांना नाही. काका घरचेच आहेत, त्यांना राग येत नाही. इथंही तसंच: बाहेरून आलेला आधी, घरचा नंतर.

इथं लगेच प्रश्न येतो तो अध्यक्षांचा. सभेचा अध्यक्ष सगळ्यांत मोठा, मग त्याला मागं कसं ठेवायचं? काही ठिकाणी म्हणूनच अध्यक्ष सरसकट पहिले घेतात, आणि तीही एक रूढ पद्धत आहे. माझं मत असं, की संबोधनाचा क्रम आणि आभाराचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोंधळ होतो तो दोन्ही एक समजल्यामुळे. संबोधनात अध्यक्ष कायम पहिले: "सन्माननीय अध्यक्ष महोदय, प्रमुख अतिथी, व्यासपीठावरील मान्यवर आणि रसिकहो, अध्यक्षांच्या परवानगीनं मी आभार व्यक्त करते." इथं अध्यक्षांचा मान राखला गेला. आता आभार. अध्यक्ष बाहेरून आले असतील तर पहिला आभार त्यांचाच. अध्यक्ष आपल्याच संस्थेचे असतील तर पाहुणे आधी, आणि पाहुण्यांनंतर घरच्यांमध्ये अध्यक्ष पहिले. काल समारोपाचे अध्यक्ष आमच्याच संस्थेचे सचिव होते, म्हणून मी त्यांना हे आदल्या दिवशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, बरोबर आहे, मी काय पाहुणा आहो का?" एवढं एक वाक्य आधी बोलून घेतलं की मुलीच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

कालचं व्यासपीठ असं होतं: अकोल्याहून आलेले भाषातज्ज्ञ प्रमुख अतिथी, अमरावतीहून आलेल्या सत्राध्यक्ष, समारोपाचे अध्यक्ष म्हणून आमचे सचिव, शिवाय प्राचार्य आणि विभागप्रमुख. सकाळी उद्घाटन करून गेलेले पाहुणे दुपारी हजर नव्हते. त्यांचे आभार आम्ही उद्घाटन सत्रातच, ते समोर बसलेले असताना मानले. पाहुणे गाडीला निघून गेल्यावर संध्याकाळी रिकाम्या खुर्चीला आभार देण्यात काय अर्थ आहे? समारोपात त्यांचा फक्त एका ओळीत उल्लेख केला, तोही हजर असलेल्या पाहुण्यांनंतर.

यादी तयार झाली तरी आभार तयार होत नाही. "आपला अमूल्य वेळ काढून उपस्थित राहिलात" हे वाक्य सात जणांना सात वेळा लावलं की सातही जण ऐकणं सोडतात. म्हणून मी तिला एकच काम दिलं होतं. पहिल्या रांगेत बस, आणि प्रत्येक वक्त्याच्या भाषणातली एक गोष्ट लिहून ठेव, जी उद्याही तुला आठवेल. तिच्या हातात पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा होता. डावीकडे नावं आधीच शाईनं लिहिलेली, उजवीकडची जागा मोकळी, ती पेन्सिलीनं भरत गेली. अकोल्याच्या सरांच्या नावासमोर फक्त "शाया, डोया" एवढंच लिहिलेलं मी पाहिलं. वऱ्हाडीत "ळ"चा "य" होतो आणि तो उच्चाराचा नियम आहे, चूक नाही, हे सरांनी समजावलं होतं. ती माइकसमोर म्हणाली, "सर, माझी आजी डोळ्याला डोया म्हणते आणि मी तिला रोज दुरुस्त करत होते. आजपासून करणार नाही. विभागाच्या वतीनं मी आपली मनापासून आभारी आहे." सर पुढे वाकून ऐकत होते.

त्या वाक्यात तिनं दोन गोष्टी नीट सांभाळल्या, त्या मुद्दाम दाखवते. एक म्हणजे "विभागाच्या वतीनं". आभार मानणारा एकटा नसतो, हे सुरुवातीलाच कळायला हवं. दुसरी म्हणजे "आपली". पाहुणे समोर बसलेले असताना "सरांनी आम्हाला मार्गदर्शन केलं, आपण आलात, त्यांचे आभार" असं एकाच दमात तिसरा आणि दुसरा पुरुष मिसळला की ऐकणाऱ्याला समजत नाही, बोलणं कोणाशी चाललंय. पाहुण्यांकडे वळून "आपण" म्हणायचं, किंवा सभागृहाकडे बघून "सरांनी" म्हणायचं. वाक्य संपेपर्यंत ते बदलायचं नाही.

कागदावर "मा." लिहिलं असेल तर माइकवर "माननीय" म्हणायचं, ही गोष्ट तर दरवर्षी सांगावी लागते. "श्री. अमुक सर" असंही नको. "श्री." आणि "सर" यांपैकी एक पुरे.

घरच्यांचे आभार मात्र भरभर घ्यावेत. सचिव, प्राचार्य, विभागप्रमुख एकेका वाक्यात. वेळ वाचवायचा तो इथं, कारण त्यानंतरची माणसं आपण नेहमी "ज्ञात-अज्ञात" म्हणून एका पोत्यात कोंबतो. काल तिनं सभागृह झाडून, पंख्याखाली खुर्च्या लावणाऱ्या परिचरांची नावं घेतली. दुपारी माइक बंद पडला तेव्हा वायर हातात धरून उभ्या राहिलेल्या मुलाचं नाव घेतलं. सकाळी तर्री-पोहे करून देणाऱ्या ताईंचं नाव घेतलं, आणि त्या मागच्या दारातून ऐकत होत्या. ही नावं आदल्या दिवशी स्वतः जाऊन विचारून घ्यावी लागतात, आडनावासकट. मुलींना सगळे फक्त "ताई" आणि "दादा" म्हणूनच माहीत असतात.

आणि जेवणाची सूचना आभारात घालू नका. "सर्वांनी भोजनाचा आस्वाद घ्यावा" हे वाक्य आलं की पुढचं काही ऐकू येत नाही. ते काम सूत्रसंचालकाचं, तेही राष्ट्रगीत झाल्यावर. काल आमच्या मुलीनं शेवटी श्रोत्यांचे आभार मानले, नमस्कार केला आणि जागेवर जाऊन बसली. अकोल्याच्या सरांनी राष्ट्रगीतानंतर तिला बोलावून विचारलं, आजी कोणत्या गावची?