दमल्यावर खडकावर उभे राहू नका: स्नॉर्केलिंगविषयीच्या एका संदेशाला उत्तर

“मालवणला स्नॉर्केलिंग करायला पोहता येण्याची गरज नाही, लाइफ जॅकेट घातले की माणूस बुडत नाही. दमलात तर खाली खडक असतातच, त्यावर उभे राहून दम घ्या. जेलीफिश लागली तर लगेच बाटलीतल्या गोड्या पाण्याने धुवा आणि वर वाळू चोळा. बिनधास्त जा!”

हिवाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की सोलापुरातल्या सोसायट्यांच्या आणि नातेवाइकांच्या गटांत हा संदेश फिरू लागतो. मालवण-तारकर्लीला जाणाऱ्या अनेकांनी त्याआधी समुद्रात कधी डोके बुडवलेले नसते, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

जॅकेटविषयीचे विधान अर्धेच खरे आहे. नीट बसलेले जॅकेट माणसाला वर धरते, पण स्नॉर्केलिंगमध्ये, म्हणजे तोंड पाण्यात घालून नळीने श्वास घेत तरंगताना, घाबरगुंडी उडते ती बहुधा बुडण्यामुळे नव्हे, तर श्वास पुरत नाही असे वाटल्यामुळे, आणि त्यावर जॅकेटजवळ काही उपाय नाही. आपण शांतपणे घेतलेल्या एका श्वासात सुमारे ५०० मिलिलिटर हवा असते. त्यातली साधारण १५० मिलिलिटर घसा आणि श्वासनलिकेतच राहते, फुफ्फुसांच्या कामाला येत नाही. तोंडात स्नॉर्केल धरली की नळीतली आणखी १५० ते २०० मिलिलिटर जुनी हवा दर श्वासाला आधी आत येते. म्हणजे नेहमीसारखाच उथळ श्वास घेतला तर ताजी हवा ३५० वरून १५० ते २०० मिलिलिटरवर येते. मग दम लागतो, माणूस भराभर पण आणखी उथळ श्वास घेऊ लागतो आणि दम वाढतच जातो. याउलट, संथपणे एक लिटरचा श्वास घेतला तर साडेसहाशे ते सातशे मिलिलिटर ताजी हवा मिळते. म्हणून श्वास लांब घ्यावा आणि त्याहून सावकाश, पूर्ण सोडावा. ही सवय नावेतून उतरल्यावर लागत नाही. सोलापुरातल्या कोणत्याही तरण तलावात, छातीइतक्या पाण्यात, कठडा धरून, तोंड पाण्यात घालून दहा मिनिटे केवळ श्वासाचा सराव करता येतो. नळीत पाणी शिरले तर जोरात एक फुंकर मारून ते उडवायचे, हेही तिथेच शिकून घ्यावे.

त्याच तलावात तरंगण्याची परीक्षाही होते. छाती भरून पालथे पडा आणि हातपाय सैल सोडा; बहुतेक माणसे वर राहतात. पूर्ण उच्छ्वास केला की शरीर खाली जाऊ लागते, कारण भरलेल्या आणि रिकाम्या छातीत तीनेक लिटरचा, म्हणजे तीनेक किलो उचलीचा फरक असतो. समुद्राचे पाणी गोड्या पाण्यापेक्षा सुमारे अडीच टक्के जड असल्यामुळे सत्तर किलोच्या माणसाला तिथे आणखी पावणेदोन किलोची उचल आपोआप मिळते. ही सगळी उचल एका चुकीने वाया जाते, ती म्हणजे डोके वर काढणे. आपल्याकडे विहिरीत किंवा तलावात शिकलेल्यांना मान ताठ ठेवून पोहण्याची सवय असते. पण डोक्याचे चार-पाच किलो वजन पाण्याबाहेर आले की त्या भाराने बाकीचे शरीर खाली दाबले जाते आणि पाय लोंबू लागतात. नजर सरळ खाली, कपाळ पाण्यात आणि पाय मागे पसरलेले, अशी आडवी स्थिती टिकली तर जॅकेटवर फारसा भार पडतच नाही. जॅकेट मात्र घालावेच आणि नवख्या माणसाने मार्गदर्शकाची तरंगती रिंग सोडू नये. जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्या कोणाला तरी वर ओढायला सांगा; ते हनुवटीच्या वर सरकले तर सैल आहे, आणि पाण्यात ते कानांपर्यंत चढेल.

खडकावर उभे राहण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो, प्रवाळासाठीही आणि माणसासाठीही. वरून तपकिरी किंवा हिरवट दगडासारखे दिसणारे ते अनेकदा जिवंत प्रवाळ असते: चुनखडीच्या सांगाड्यावर बसलेल्या बारीक प्राण्यांचा पातळ थर. गोलसर, भरीव जातीचे प्रवाळ वर्षाकाठी साधारण एक सेंटीमीटर वाढते. टाचेने दाबलेला तो थर मरतो आणि उघड्या पडलेल्या जागी शैवाल पसरते. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले असून प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे तुकडा तोडणे हा गुन्हाही आहे.

पण बहुतेक जण मुद्दाम उभे राहत नाहीत, ते नकळत उभे होतात. एक हिशोब पाहा. पावणेसहा फूट उंचीचा माणूस जॅकेटमध्ये ताठ झाला की त्याचे सुमारे दीड मीटर शरीर पाण्याखाली असते आणि पायांत फिन, म्हणजे पोहण्याचे रबरी पंख, असतील तर त्यांची लांबी वेगळीच. ओहोटीला प्रवाळावर दीड-दोन मीटरच पाणी उरले असेल, तर मास्क नीट करण्यासाठी सरळ झालेला हा माणूस सायकल चालवल्यासारखे पाय मारत प्रवाळ मोडतो आणि वाळू उडवून उरलेले गाडतो. त्याच फटींत लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन आणि धारदार कालवे असतात, तर शेजारच्या वाळूत शेपटीने डंख मारणारा पाकट मासा अंग पुरून बसतो. म्हणून दम लागला, मास्कमध्ये पाणी गेले किंवा पेटका आला, तर उभे न राहता उताणे व्हावे, स्नॉर्केल तोंडातून काढावी, जॅकेटवर पाठ टेकून हात वर करावा आणि मार्गदर्शक येईपर्यंत श्वास शांत करावा. हे वळणेसुद्धा आधी तलावात करून पाहा. पाणी कमी वाटले तर शरीर उभे न करता, हात पोटाशी घेऊन, संथपणे बाजूच्या खोल पाण्याकडे सरकावे. फेरीची वेळ भरतीच्या आसपासची मागून घेणे हा तर सगळ्यांत सोपा उपाय आहे.

जेलीफिशच्या तंतूंवर असंख्य सूक्ष्म डंखकोश असतात आणि पहिल्या स्पर्शात ते सगळे फुटत नाहीत. गोडे पाणी ओतले किंवा वाळू चोळली की उरलेलेही फुटतात, आणि वेदना वाढते; लघवीचा घरगुती उपायही याच कारणाने टाळावा. शांतपणे पाण्याबाहेर यावे, समुद्राच्याच पाण्याने जागा न घासता धुवावी, चिकटलेले तंतू चिमट्याने उचलावेत. मग सोसवेल इतक्या गरम, पण ४५ अंशांपेक्षा जास्त नसलेल्या पाण्यात तो भाग किमान वीस मिनिटे ठेवावा. या पाण्याचा अंदाज डंख न झालेल्या हाताने घ्यावा, कारण बधिर कातडी भाजलेली कळत नाही. या टप्प्यावर तंतू निघालेले असल्याने पाणी गोडे असले तरी चालते. व्हिनेगर काही जातींवर उपयोगी पडते, सगळ्यांवर नाही. म्हणून केवळ त्याच्या भरवशावर राहू नये. श्वासाला त्रास, छातीत दुखणे, ओठ-चेहरा सुजणे किंवा अंगभर पुरळ दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. पूर्ण बाह्यांचा तंग टी-शर्ट आणि पायघोळ स्विमसूट यांनी बरेच डंख मुळात टळतात, शिवाय अंगावर सनस्क्रीनही कमी लागते.

सी अर्चिनचा काटा लागल्यास हेच गरम पाणी अर्धा ते दीड तास वापरावे आणि बाहेर दिसणारे काटेच सरळ ओढावेत. सांध्याजवळ शिरलेला काटा डॉक्टरांनीच काढावा. प्रवाळाने खरचटल्यास मात्र साबण आणि भरपूर स्वच्छ पाण्याने जखम चोखपणे धुवावी, कारण त्यात राहिलेले बारीक कण ती चिघळवतात, आणि धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगावे.